‘वय ३ ते ८’ : एका चित्रपुस्तकाचं पालकांसाठी केलेलं परीक्षण

पार्श्वभूमी

बेळगावच्या पश्चिमेला, खानापूर आणि चंदगडच्या बाजूला भात-रताळ्यांची गावं आहेत. त्यांतल्या एका गावात महिला संघानं देवळाशेजारच्या खोलीत मुलांसाठी वाचनखोली सुरू केली. पुस्तकं थोडी आणि पैसा त्याहून थोडा, त्यामुळे नवीन पुस्तक घेण्याआधी कुणीतरी ते नीट वाचून पालकांना सांगावं असं ठरलं. ते काम माझ्याकडे आलं. प्रत्येक पुस्तकाबद्दल एक पानभर मजकूर लिहायचा, त्याच्या प्रती काढून खोलीच्या दारावर लावायच्या आणि पालकांना वाटायच्या, अशी पद्धत. पुस्तक कोणत्या वयाला चालेल, भाषा कशी आहे, चित्रं कशी आहेत आणि मुलाच्या मनात त्यातून काय उतरेल, या चार गोष्टी त्यात असाव्यात एवढीच संघाची अपेक्षा होती.

इथल्या मुलांच्या कानावर पडणारी भाषा एकसारखी नसते. घरात बेळगावी मराठी, बसमध्ये आणि बाजारात कन्नड, सरकारी मराठी शाळेत पुस्तकातली मराठी आणि सोबत कन्नड. इंग्रजी माध्यमात जाणाऱ्यांना देवनागरी घरी कुणी शिकवली तर शिकवली, नाहीतर हिंदीच्या निमित्तानं पुढे कधीतरी भेटते. एकाच घरातल्या दोन भावंडांपैकी एकाला जोडाक्षरं येतात आणि मोठ्याला येत नाहीत, असंही दिसतं.

ज्या पुस्तकाची ही हकिकत आहे त्याचं, त्याच्या लेखकाचं आणि प्रकाशकाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. ओळख पटू नये म्हणून बारीक तपशीलही बदलले आहेत.

पुस्तक

बत्तीस पानांचं, मधोमध पिना मारलेलं, रंगीत चित्रपुस्तक. मागच्या पुठ्ठ्यावर ‘वय ३ ते ८’ असं छापलेलं. सात-आठ वर्षांचा एक मुलगा आजोबा आणि बहिणीबरोबर आठवड्याच्या बाजाराला जातो. फळवाला पेरू तोलताना मापात मारतो. मुलगा ते पकडतो, आजोबा चार शब्द सुनावतात आणि फळवाला वरमतो. पुढे तोच मुलगा आईसाठी चाळीस रुपयांचे गजरे घेतो आणि पन्नासची नोट देतो. फुलवाली दहाच्या ऐवजी चुकून पन्नासचीच नोट परत करते. मुलाच्या ते लक्षात येतं, पण तो बोलत नाही. रात्री त्याला झोप लागत नाही. पुढच्या बाजारी तो नोट परत करतो.

गोष्ट बेतलेली फार चांगली आहे. ज्याला दुसऱ्याची लबाडी लगेच दिसली, त्याच पोराच्या हातून थोड्या वेळानं लबाडी होते, आणि लेखक त्यावर एका अक्षरानंही उपदेश करत नाही. २० आणि २१ या जोडपानावर रात्रीचं चित्र आहे, शब्द एकही नाही. मुलगा डोळे उघडे ठेवून पडलाय, उशीच्या कडेखालून नोटेचं टोक दिसतंय, आणि दाराच्या फटीतून आई बघतेय. आईला कळलंय ही गोष्ट मजकुरात कुठेच येत नाही, ती फक्त चित्रात आहे. चित्रपुस्तकात चित्रानं नेमकं हेच करायचं असतं. मजकूर जे सांगतोय तेच पुन्हा रंगवून दाखवायचं असेल तर चित्राची गरज काय?

आणखी एक बारकावा मला मुलांमुळे कळला. दुसरीतल्या एकानं विचारलं, “पन्नासची नोट निळी असती, दहाची चॉकलेटी. फुलवाली चुकलीच कशी?” शंका रास्त होती. त्याच्या शेजारच्या मुलीनं पान उलटून दाखवलं की फुलवालीच्या पाटीवर एकच पिवळा बल्ब आहे आणि त्या उजेडात तिच्या हातातल्या सगळ्या नोटा एकाच रंगाच्या दिसताहेत. चित्रकारानं विचार करून रंग वापरले होते. अशा चित्रकारानं फळवाला एकटाच काळा, दात पुढे आलेला का काढला असेल, हा प्रश्न त्यामुळेच जास्त टोचला.

अडचण पहिली : वय

‘३ ते ८’ हा फार लांब पल्ला आहे. तीन वर्षांचं मूल मांडीवर बसून ऐकतं, आठ वर्षांचं स्वतः वाचतं. दोघांना एकाच आकड्यात बसवलं की पालकाला काहीच कळत नाही.

म्हणून मी आधी शब्द मोजले. गोष्टीत साधारण नऊशे शब्द आहेत. बाजाराच्या गर्दीच्या पानांवर सत्तरच्या आसपास, शेवटी शेवटी वीस-पंचवीस. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेच्या स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावर गोष्टींच्या चार पातळ्या असतात, त्यात सहाशे ते पंधराशे शब्दांची गोष्ट तिसऱ्या पातळीत जाते, म्हणजे ज्यांना आता स्वतः वाचता येतं अशांसाठी. ती पट्टी इथे जशीच्या तशी लावायची गरज नाही, पण अंदाज येतो. तीन वर्षांच्या मुलाला सत्तर शब्दांचं पान संपेपर्यंत चित्र बघून कंटाळा आलेला असतो, ते पुढचं पान उलटायला हात घालतं. वाचून दाखवताना हे लगेच समजतं.

शब्दसंख्येपेक्षा मला गोष्टीचा गाभा महत्त्वाचा वाटला. जास्तीचे पैसे परत आले ही चूक कळायला वजाबाकी यावी लागते. गप्प बसणं हीसुद्धा लबाडी असू शकते, हे कळायला मूल थोडं मोठं असावं लागतं. चार वर्षांच्या एका मुलीनं शेवटी विचारलं, “बाईनंच दिलं नव्हं? मग परत कशाला?” तिच्या वयाला ते अगदी बरोबर होतं.

स्वतः वाचण्याचं वय काढायला मी दुसरी-तिसरीतल्या मुलांना गोष्ट आधी न सांगता एक-एक पान मोठ्यानं वाचायला दिलं. शिक्षकांमध्ये पाच बोटांची एक जुनी रीत आहे: पान वाचताना अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं, पाचही मिटली तर पुस्तक अजून जड आहे. मराठी शाळेतल्या तिसरीच्या मुलांची बहुतेक पानांवर दोन-तीन बोटं मिटली. दुसरीतल्यांची गर्दीच्या पानांवर मूठ बंद झाली. इंग्रजी माध्यमातल्या तिसरीच्या मुलांची मूठ पहिल्या परिच्छेदातच बंद झाली, पण त्यांनाच वाचून दाखवल्यावर गोष्ट पूर्ण कळली.

अडखळण्यामागे छपाईचाही हात होता. रात्रीच्या प्रसंगाआधीच्या पानावर गडद निळ्यावर पांढरी, बारीक अक्षरं आहेत, ती चांगलं वाचणाऱ्यांनाही त्रास देतात. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आहेत. महाराष्ट्र शासनानं २००९ साली मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ठरवून दिला, पण अनेक प्रकाशनांच्या टंकात तो अजून नसतो. शाळेच्या पुस्तकात एक वळण आणि गोष्टीच्या पुस्तकात दुसरं असलं की नवं वाचणारं मूल थबकतं.

अडचण दुसरी : फळवाला

८ आणि ९ या पानांवर अख्खा बाजार एकदम दिसतो. भाजीवाल्या, भांडीवाला, चहाची गाडी, आणि उजव्या कोपऱ्यात फळवाला. अजून गोष्टीत काही घडलेलं नाही. बाजारातली बाकी सगळी माणसं गव्हाळ किंवा गोरी, फळवाला एकटाच काळा, दात पुढे आलेले. बारा नंबरच्या पानावर तो बोलायला लागतो: “काय म्हंतुयास रं पोरा? माप बराबर हाय की!” मुलगा, बहीण, आजोबा, फुलवाली हे सगळे शुद्ध पुस्तकी मराठी बोलतात. आजोबा खेड्यातले दाखवले आहेत, धोतर-टोपीतले, तरी तेही ‘बरोबर आहे’ असंच बोलतात.

वाचून दाखवताना या वाक्यावर खोलीभर हशा झाला. पहिलीतला एक मुलगा खूश होऊन म्हणाला, “ह्यो आमच्यागत बोलतोय की!”

हसू दोन प्रकारचं असू शकतं. आपली बोली पुस्तकात भेटल्याचा आनंद असतो आणि ‘हे असं बोलणं म्हणजे हसण्यासारखं’ हा धडाही असतो. या मुलांच्या हसण्यात कोणता भाग किती, हे नुसतं बघून सांगणं धाडसाचं होतं. म्हणून ज्यांनी गोष्ट ऐकली नव्हती अशा मुलांना वेगळं बसवून मी फक्त चित्रं दाखवली, मजकूर कागदानं झाकून. आठ-नऊ पानावर विचारलं, “ह्या बाजारात कोण तरी लबाडी करणाराय. कोण असंल?” जवळजवळ सगळी बोटं फळवाल्यावर गेली. “कशावरनं?” “काळा हाय.” “दात बगा की त्याचे.”

त्या पानावर तो रागावलेला नाही, कुणाकडे वाकडं बघत नाही, त्याचा हात तराजूलाही लागलेला नाही. बाराव्या पानावर त्याचा अंगठा पारड्यावर दाबलेला दिसतो, ती खरी खूण, आणि मुलांनी ती बघून त्याला ओळखलं असतं तर चित्राचं काम चोख झालं असतं. इथे तीन पानं आधीच, रंग आणि दात बघून निकाल लागला होता.

गोष्ट सांगते की लबाडी कुणाच्याही हातून होते, आपल्या लाडक्या नायकाच्याही. चित्रं सांगतात की लबाड माणूस तोंडावरून ओळखता येतो आणि तो बोलतोही वेगळा. मुलानं चित्राचं ऐकलं तर नायकाची चूक ही चूक वाटत नाही, कारण तो तसा ‘दिसत’च नाही. पुस्तकाचं जे सर्वांत मोलाचं आहे त्यालाच त्याची चित्रं खाली ओढतात. संस्कार शेवटच्या वाक्यात शोधायची आपल्याला सवय असते. या पुस्तकात ते शोधायची जागा आठवं-नववं पान होती.

बहिणीबद्दलही लिहिण्यासारखं होतं. ती जवळजवळ प्रत्येक चित्रात पिशवी धरून उभी आहे आणि साऱ्या गोष्टीत एकदाच बोलते. ते मी एका ओळीत नोंदवलं आणि पुढे गेले, कारण पानभर जागेत सगळंच सारख्या आवाजात सांगितलं तर पालकाच्या लक्षात काहीच राहत नाही.

कोणते मार्ग होते

संघाच्या बैठकीत मी पुस्तक आणि मुलांची उत्तरं दोन्ही ठेवली. तिथे मतं फुटली, आणि प्रत्येक मतात तथ्य होतं.

मराठी शाळेतल्या गुरुजींचं म्हणणं, पुस्तक घेऊच नये. “बोली आली की हसायचं, हे पोरं शाळेत येऊन विसरायला लागल्यात, आता पुस्तकानं परत शिकवायचं?” याच्या उलट एका आईनं मांडलं. तिची मुलगी इंग्रजी माध्यमात आहे आणि मराठी पुस्तकाला हात लावत नाही, या पुस्तकाला मात्र तिनं हात लावला होता. “गोष्ट चांगली हाय खरं, त्या एका माणसापायी सगळं टाकून देऊ नगासा,” ती म्हणाली. संघाच्या अध्यक्षबाईंना लांबलचक लिहिणंच मंजूर नव्हतं. शेतातून दमून येणारी बाई दारावरचा कागद वाचताना दोन ओळींपुढे जात नाही, तेव्हा घ्यावं की नाही ते सरळ सांगा, असं त्यांनी बजावलं.

चौथा मार्ग मी सुचवला होता: प्रकाशकाला लिहायचं आणि उत्तर येईपर्यंत परीक्षण थांबवायचं. तो पहिल्यांदा बाद झाला आणि ते योग्यच झालं. छापून झालेलं पुस्तक उत्तरानं बदलत नाही, आणि तोवर पालक ते दुकानातून घेतच राहतात.

पुस्तक नाकारण्याचा मार्ग मला मोहवत होता. तो स्वच्छ वाटतो. पण या वयाच्या मुलांसाठी, उपदेश न करता प्रामाणिकपणाबद्दल बोलणारी मराठी पुस्तकं आमच्या कपाटात फारशी नव्हती, आणि रात्रीचं ते जोडपान मुलं पुन्हा पुन्हा मागत होती. दोष लपवून शिफारस करणं तर शक्यच नव्हतं, पालक त्या एका पानाच्या भरवशावर पैसे खर्च करतात. उरला मार्ग एकच, शिफारस करायची आणि दोष पान नंबर देऊन सांगायचा. त्यातला अवघड प्रश्न असा की दोष सांगितल्यावर पालकानं करायचं काय?

काय केलं

उत्तर वाचून दाखवण्याच्या रीतीत सापडलं, आणि ते एका आजींकडून आलं. नातवाला गोष्ट वाचून दाखवताना त्या छापील वाक्यं वाचतच नव्हत्या. आजोबांचं बोलणं त्या आपल्या बोलीत सांगत होत्या: “आरं बाबा, माप बराबर नाही हे, परत तोल बघू.” फळवालाही तसाच बोलत होता, फुलवालीही. सगळा बाजारच बेळगावी बोलायला लागला आणि फळवाल्याच्या वाक्यावर कुणी वेगळं हसलं नाही. बोली त्याच्या एकट्याच्या अंगाला चिकटलेली राहिली नाही.

परीक्षणात तोच उपाय गेला. पहिल्या दोन ओळी अध्यक्षबाईंच्या म्हणण्याप्रमाणे: ‘घ्यावं. ऐकायला ५ वर्षांपासून, स्वतः वाचायला मराठी शाळेच्या तिसरीपासून. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना आधी वाचून दाखवा.’ त्याखाली बाकीचं. फळवाल्याबद्दल मी असं लिहिलं:

‘८-९ आणि १२ या पानांवर लबाडी करणारा माणूस बाकीच्यांपेक्षा काळा, दात पुढे असलेला काढलाय आणि तो एकटाच गावाकडचं बोलतो. ही पुस्तकातली मोठी उणीव आहे. वाचून दाखवताना आजोबांचं आणि फुलवालीचं बोलणंही आपल्या घरच्या बोलीत सांगा. फळवाल्याचा आवाज मुद्दाम चिरका करू नका. बाराव्या पानावर त्याचा अंगठा कुठे आहे ते मुलाला शोधू द्या.’

अंगठा शोधायला लावण्यात हेतू असा की मुलाची नजर चेहऱ्यावरून कृतीकडे जावी. रंगाबद्दल मात्र असा उपाय नव्हता. आवाज बदलता येतो, छापलेला रंग बदलत नाही. गोष्ट चालू असताना ‘काळं असणं वाईट नसतं’ असं सांगायला लागलं, तर जे मुलाच्या डोक्यात नव्हतं तेही येतं. गोष्ट संपल्यावर ‘हा लबाडी करणार हे कधी कळलं?’ एवढं विचारा आणि उत्तर ऐकून घ्या, इतकंच मी सुचवलं. मूल ‘अंगठा बघून’ म्हणालं तर पुढे जा, ‘काळा हाय म्हणून’ म्हणालं तर त्याला ओळखीचं, रोजच्या येण्याजाण्यातलं एखादं माणूस आठवायला लावा.

प्रकाशकालाही पत्र गेलं. त्यात तक्रारीपेक्षा मुलांची उत्तरं जशीच्या तशी दिली, आणि अक्षरांचा आकार व रात्रीच्या पानाआधीची छपाई याबद्दल लिहिलं.

पुढे काय झालं

वाचनखोलीनं दोन प्रती घेतल्या. एक वाचून दाखवायच्या कपाटात, एक मोठ्या मुलांच्या. आधी ऐकलेल्या मुलांनी नंतर तेच पुस्तक स्वतः वाचायला घेतलं तेव्हा ती कमी अडली, दुसरीतलीसुद्धा. ओळखीची गोष्ट वाचताना पुढचा शब्द अंदाजानं येतो, त्यामुळे जोडाक्षराशी झगडायला बळ उरतं. वयाच्या दोन ओळींचा उपयोग सगळ्यांत जास्त झाला. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी हे पुस्तक मागणाऱ्यांना खोलीतल्या बायका दुसरं, कमी शब्दांचं पुस्तक देऊ लागल्या.

बोलीत सांगण्याची सूचना अर्धीमुर्धी पोचली. आज्या आणि घरात मोकळं बोलणाऱ्या आया यांना ती सहज जमली. शिकलेल्या तरुण आयांना पुस्तक हातात घेऊन बोलीत बोलायचा संकोच वाटला, मुलाची ‘भाषा बिघडेल’ ही भीतीही होती. कन्नड घरातून आलेल्या एका सुनेनं वेगळीच वाट काढली. ती फुलवालीचं बोलणं कन्नडमध्ये सांगायची आणि तिचा मुलगा मराठीत उत्तर द्यायचा. बाजारात तसंच तर चालतं. ही वाट माझ्या कागदावर नव्हती, पुढच्या प्रतीत ती घातली.

एका वडिलांनी दारावरचा कागद वाचून पुस्तक न्यायला नकार दिला. ‘काळा’ शब्द वाचला आणि पुढचं वाचलंच नाही. प्रकाशकाकडून सभ्य उत्तर आलं: सूचना चित्रकारापर्यंत पोचवू, पुनर्मुद्रणाच्या वेळी विचार करू. पुनर्मुद्रण अजून झालेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

झाकलेल्या मजकुराची चाचणी मी गोष्ट वाचून दाखवल्यानंतर, शंका आल्यावर घेतली. ती सुरुवातीलाच घेता येते, आणि तशी घेतली की आधी ऐकलेली मुलं वगळत बसावं लागत नाही. कोणतंही चित्रपुस्तक पहिल्यांदा फक्त चित्रांतून बघायचं, मोठ्या माणसानंही. मजकूर वाचल्यावर डोळे त्याला हवं तेच बघतात.

या चाचणीला मर्यादा आहे. एकाच पुस्तकावर, मोजक्या मुलांबरोबर घेतली तर मुलांनी रंगाचा अर्थ या पुस्तकातून घेतला की तो आधीच त्यांच्याजवळ होता, हे कळत नाही. ज्यात काळा माणूस चांगला आहे असं दुसरं पुस्तक त्याच मुलांना दाखवून तोच प्रश्न विचारला असता तर थोडं कळलं असतं. तसं चित्रपुस्तक त्या वेळी खोलीत एकही नव्हतं, आणि हीसुद्धा पालकांना सांगण्यासारखी गोष्ट होती.

कागदाची मांडणीही बदलता येते. फळवाल्याबद्दलचा मजकूर ‘उणीव’ या शब्दाखाली न टाकता ‘वाचून दाखवताना’ या मथळ्याखाली टाकला असता, तर नकार देणाऱ्या वडिलांना काय टाळायचं याआधी काय करायचं ते दिसलं असतं. गुरुजींना हे पटलेलं नाही. त्यांच्या मते दोषाला दोषच म्हणावं आणि वरच म्हणावं, नाहीतर पुढच्या वेळी प्रकाशक तसंच पुस्तक पाठवील. सध्या आम्ही दोन्ही मथळे ठेवतो, आणि वयाच्या जागी ‘ऐकायला’ आणि ‘स्वतः वाचायला’ असे दोन रकाने असतात. दुसऱ्या रकान्यात इयत्ता लिहिताना शाळेचं माध्यमही लिहितो.